लॅपटॉपची आवक-जावक

[दृश्य: फोर्टमधल्या जुन्या इमारतीचा लाकडी जिना. दुसऱ्या मजल्यावर कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस. टेबलावर कापडी बांधणीची जाड वही.]

निवेदन:
ही आवक-जावक वही. ऑफिसात आलेला प्रत्येक कागद आधी इथे चढतो. तारीख, कुणाकडून आला, विषय काय, कुणाच्या टेबलावर गेला. कागदात काय लिहिलंय ते या वहीत नसतं. पण महिन्याभराने कुणी विचारलं, "तो कागद गेला कुठे?", तर पान उलटून सांगता येतं.

वहीशेजारच्या लॅपटॉपमध्येही गेल्या दिवाळीपासून अशीच एक वही लिहिली जाते आहे. ती लिहिणाऱ्या प्रोग्रामला ईडीआर म्हणतात, म्हणजे एंडपॉइंट डिटेक्शन अँड रिस्पॉन्स. हिशेब बघणाऱ्या ताई रोज या लॅपटॉपसमोर बसतात. त्यात आपल्याबद्दल काय उतरतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही कॅमेरा घेऊन आलो ते त्यासाठी.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा, जवळून. डेस्कटॉपवर एक फाईल सेव्ह होते आणि लगेच नाहीशी होते. कोपऱ्यात सूचना.]

निवेदन:
आधी अँटीव्हायरस. आत्ता गायब झाली ती फाईल फक्त 68 अक्षरांची होती. तिचं नाव आयकार. ती कुणाचं काही बिघडवत नाही. ही दिसली की पकडायची, असं अँटीव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवून ठेवलंय, म्हणजे अँटीव्हायरस जागा आहे की नाही ते तपासता येतं. हा जागा आहे.

त्याचं मूळ काम हे असं चालतं. फाईल आली किंवा उघडली, की ती माहीत असलेल्या खुणांशी ताडून बघायची. जुळली तर उचलून बाजूला ठेवायची. नाही जुळली तर जाऊ द्यायची, आणि जाऊ दिलेल्या फाईलने पुढे काय केलं याचा हिशेब सहसा ठेवायचा नाही. आजचे अँटीव्हायरस याहून हुशार आहेत. ते वागणुकीकडेही बघतात, आणि विंडोज 10 पासून, म्हणजे 2015 पासून, चालू स्क्रिप्टमधला मजकूरही तपासू शकतात. बाजारात तर दोन्ही कामं एकाच प्रोग्राममध्ये मिळतात. तरी फरक उरतोच, आणि तो पुढच्या दृश्यात दिसतो.

[दृश्य: सिस्टीम बघणारे दादा ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात. भिंतीवरच्या घड्याळात 11:42.]

दादा: ताई, आता ही वर्डची फाईल उघडा. काळजी करू नका, मीच बनवलीय.

ताई: आणि वर पिवळी पट्टी आली तर?

दादा: एरवी तिला हात लावायचा नाही. आज दाबा.

निवेदन:
ती पट्टी मॅक्रो चालू करायची, म्हणजे फाईलमध्येच लिहून ठेवलेल्या आज्ञा. इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून आपणहून बंद करायला सुरुवात केली. चाचणीसाठी दादांनी ते मुद्दाम चालू ठेवले. ईडीआरलाही त्यांनी आजच्यापुरतं बजावलंय, की मध्ये पडायचं नाही, फक्त बघायचं.

ताईंनी पट्टी दाबली. पडद्यावर जीएसटीच्या नोटिशीसारखं एक पान उघडलं. बस्स. खिडकी उघडली नाही, काही लुकलुकलं नाही. अँटीव्हायरस गप्प. त्याच्याजवळ बोलण्यासारखं काही नव्हतंच. वर्ड मायक्रोसॉफ्टचं. वर्डने पडद्याआड ज्याला हाक मारली ते पॉवरशेल, लिहून दिलेल्या आज्ञा चालवणारं साधन, तेही मायक्रोसॉफ्टचं, विंडोजसोबतच येणारं. आणि पॉवरशेलने ऑफिसातल्याच एका चाचणी सर्व्हरवरून जो मजकूर आणला, तो डिस्कवर न उतरवता थेट मेमरीत चालवला. ताडून बघायला नवी प्रोग्राम फाईलच नाही.

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर नोंद. कॅमेरा एकेका ओळीवरून सावकाश सरकतो.]

निवेदन:
प्रत्येक ईडीआरच्या नोंदीची मांडणी वेगळी असते. म्हणून त्याच लॅपटॉपवर दादांनी मायक्रोसॉफ्टचं सिसमॉन हे फुकट मिळणारं साधन बसवलं. ते इशारा देत नाही, सहसा काही थांबवतही नाही, पण नोंदी ईडीआरसारख्याच करतं. त्यातली ही एक, थोडी छाटलेली.

```
UtcTime: 2025-02-11 06:12:41.307
Image: C:\...\powershell.exe
CommandLine: powershell.exe -w hidden -enc SQBFAFgA...
User: ACCTS-07\accounts
ParentImage: C:\...\WINWORD.EXE
```

पहिली ओळ वेळेची. भिंतीवर 11:42, इथे 06:12. नोंद जागतिक वेळेत होते, मुंबईच्या साडेपाच तास मागे. नवखा माणूस इथे हमखास चकतो आणि भलत्याच वेळेच्या नोंदी चाळत बसतो.

दुसरी ओळ, काय चालू झालं. तिसरी, नेमकी कोणती आज्ञा देऊन. त्यातलं `-w hidden` म्हणजे खिडकी दिसू देऊ नको. `-enc` म्हणजे पुढची आज्ञा उलगडून मग वाच. त्या गिचमिडीतली पहिली आठ अक्षरं उलगडली की तीनच उरतात, `IEX`. समोर आलेला मजकूर आज्ञा म्हणून चालव, असा त्याचा अर्थ.

आणि शेवटची ओळ, पॉवरशेलला कुणी बोलावलं. वर्डने. दादा या ओळीवर बोट ठेवतात.

दादा: नोटीस वाचायला वर्डला पॉवरशेल कशाला लागतंय? सुटं सुटं बघितलं तर दोघं सज्जन. हाक कुणी कुणाला मारली ते बघितलं की कळतं.

निवेदन:
हेच ते. अँटीव्हायरस मुख्यतः वस्तू तपासतो. ईडीआर घटना एकमेकींना जोडतो. वर्डने पॉवरशेलला बोलावलं, पॉवरशेल सर्व्हरशी बोललं, मग त्याने `whoami` चालवून आपण कोणत्या खात्यात आहोत ते विचारलं. प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर साधी, क्रमाने पाहिल्या तर तोंडात बोट जाईल अशी. दादा जिथून सगळे लॅपटॉप बघतात त्या ईडीआरच्या कन्सोलवर इशारा उमटला तो या क्रमाचा.

[दृश्य: दादा शोधाच्या चौकटीत चाचणी सर्व्हरचा पत्ता टाकतात. उत्तरात एकच ओळ.]

निवेदन:
दादांनी आता वहीला प्रश्न विचारला, गेल्या 30 दिवसांत ऑफिसातला कोणता लॅपटॉप या पत्त्यावर गेला? उत्तर, एकच, ताईंचा. अमुक पत्ता वाईट आहे हे पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांनी उघडकीला येतं. तेव्हा मागे जाऊन बघायला नोंद लागते, आणि ती आधीपासून ठेवलेली असावी लागते.

[दृश्य: कन्सोलवर एक बटण दाबलं जातं. ताईंच्या लॅपटॉपवर वायफायची खूण जागेवर, पण ब्राउझर उघडत नाही. ताई पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात.]

निवेदन:
ईडीआरमधला आर, रिस्पॉन्स, तो हा. लॅपटॉप चालू आहे, पण नेटवर्कपासून तोडलाय. फक्त ईडीआरची आपल्या सर्व्हरशी जाणारी वाट उघडी आहे, म्हणजे दादांना लांबूनच पुढचा तपास करता येतो. पॉवरशेल चालूच असतं तर तेही इथूनच बंद करता आलं असतं.

[दृश्य: पडद्यावर नोंदी भराभर वर सरकतात. मध्येच एक ओळ थांबते. ताई पुढे वाकून वाचतात.]

निवेदन:
ही दिवसभराची टेलिमेट्री. कोणता प्रोग्राम कधी सुरू झाला, कुणी सुरू केला, कोणती आज्ञा देऊन. कोणत्या संकेतस्थळाचं नाव विचारलं गेलं, कोणत्या पत्त्याशी जोडणी झाली. कोणती फाईल बनली, कोणत्या नावाने. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, काय बदललं. कोण लॉगिन झालं. कोणता पेनड्राइव्ह लागला. विंडोजच्या गाभ्यात ईडीआरचा एक ड्रायव्हर बसलेला असतो, आणि असं काही घडलं की विंडोज स्वतःच त्याला कळवतं. लॅपटॉप घरी नेला, नेट नसलं, तरी नोंदी आत साठतात आणि जोडणी मिळाली की निघून जातात.

मेलमधला मजकूर, टाईप केलेलं एकेक अक्षर, पडद्याचं चित्र, हे ईडीआरच्या नेहमीच्या नोंदीत नसतं. ताईंचा पहिला प्रश्न हाच होता. पण आवक-जावक वहीतही विषय असतोच ना! 'अर्ज, वैद्यकीय रजा' एवढं वाचलं तरी पुष्कळ कळतं. फाईलचं नाव हा तसाच विषय. शिवाय संशय आला, की अधिकार असलेल्या माणसाला बऱ्याच ईडीआरमधून लॅपटॉपवरची एखादी फाईलच उचलून आणता येते.

आणि मग ही थांबलेली ओळ.

```
net use Z: \\NAS\accounts Paus@2019 /user:accounts
```

ताई रोज सकाळी एका आयकॉनवर डबल क्लिक करून हिशेबाचा फोल्डर जोडतात. तो आयकॉन काही वर्षांपूर्वी कुणीतरी बनवून दिला, त्यात पासवर्ड उघडा लिहून. आज्ञा जशीच्या तशी टिपायची, हा ईडीआरचा नियम. त्यामुळे दिवाळीपासून रोज सकाळी तो पासवर्ड नोंदीत चढतोय. तुम्ही पाहताय तो बदललेला आहे. खरा आम्ही दाखवणार नाही.

ताई: म्हणजे ही ओळ कोण कोण वाचू शकतं?

दादा: मी. आणि ज्यांना निगराणीचं काम दिलंय, त्यांची रात्रपाळीची माणसं.

[दृश्य: ताईंचा चेहरा. पाच सेकंद, निवेदन नाही.]

निवेदन:
ज्यांच्या लॅपटॉपची वही लिहिली जाते, त्यांना त्या वहीचे रकाने ठाऊक असायला हवेत. इथे 22 लॅपटॉप आहेत. आम्ही येईपर्यंत 21 जणांना ते ठाऊक नव्हते.

[दृश्य: कोपऱ्यातला प्रिंटर, त्यामागे सर्व्हरचं छोटं कपाट, पंख्याचा आवाज.]

निवेदन:
या कपाटातला स्टोरेज बॉक्स आणि तो प्रिंटर, यांच्यावर ईडीआर बसलेला नाही. तिथून काही घडलं तर लॅपटॉपच्या नोंदींत जेवढं उमटेल तेवढंच दिसेल. जाणकार हल्लेखोर आधी ईडीआरच बंद पाडायला बघतात. म्हणून एखादा लॅपटॉप चालू असूनही त्याच्या नोंदी येईनाशा झाल्या, तर दादा तोही इशाराच समजतात. गाभ्यात बसण्याची किंमतही असते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या ईडीआर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभर सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. खरा हल्ला झालाच, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार तो लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो.

[दृश्य: दादा कन्सोलवर लॅपटॉप मोकळा करतात. ताईंच्या ब्राउझरमध्ये पान उघडतं. घड्याळात 12:20.]

निवेदन:
दादांनी स्टोरेजचा पासवर्ड बदलला. नवा आता विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये आहे, आज्ञेत नाही. जुन्या ओळी मुदत संपेपर्यंत नोंदीत राहतील, पण त्यातल्या पासवर्डने आता काही उघडत नाही.

[दृश्य: प्रिंटरमधून एक पान बाहेर येतं. मराठीत, मोठ्या अक्षरांत, 'तुमच्या लॅपटॉपमधून काय नोंदवलं जातं'. दादा ते ताईंच्या टेबलावर ठेवतात.]

दादा: ताई, वाचा आणि कुठे अडतंय ते सांगा. मग बाकीच्यांना देतो.

[दृश्य: ताई चष्मा लावतात. पेन्सिलीने दुसऱ्या ओळीखाली रेघ मारतात.]

ताई: हे 'प्रोसेस' काढा. कुणाला कळायचं नाही.