‘मुलाखत दिली होती’ : मुलाखतीनंतर पाठवायच्या एका ओळीविषयी

(वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आज मी तुमच्यासमोर एकच वाक्य ठेवणार आहे. ते माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे आणि तिच्या परवानगीने वाचतो. एका शिक्षणसंस्थेत लेखापालाच्या जागेसाठी तिची गुरुवारी मुलाखत झाली. शुक्रवारी सकाळी संस्थेला पाठवण्यापूर्वी तिने मला हे दाखवलं:

‘महोदय, मी गुरुवारी आपल्या कार्यालयात उपस्थित होतो व मुलाखत दिली होती, मला हिशेबाचा दोन वर्षांचा अनुभव होता, संधी मिळाल्यास शंभर टक्के काम करून दाखवीन, तरी माझा विचार व्हावा ही नम्र विनंती.’

पहिली चूक तुम्हाला लगेच दिसली असेल. मुलगी लिहिते आहे आणि वाक्यात ‘उपस्थित होतो’. चुलतभावाचा जुना मेसेज तिने समोर ठेवला होता, त्यातून ते आलं. ‘मुलाखत दिली’ मध्ये क्रियापद मुलाखतीप्रमाणे चालतं, त्यामुळे लिहिणारा पुरुष आहे की बाई हे तिथे कळत नाही. ‘होतो’ मध्ये मात्र कळतं. दुसऱ्याचा नमुना वापरलात तर ‘होतो, आलो, करतो’ एवढी क्रियापदं तरी बोट ठेवून तपासा.

आता ‘दिली होती’ कडे येऊ. व्याकरणाने हे वाक्य चुकीचं नाही, म्हणून ते कुणाला खटकत नाही. पण घरातलं बोलणं आठवून पाहा. ‘मी तुला सांगितलं’ आणि ‘मी तुला सांगितलं होतं’ यांत काय फरक आहे? दुसऱ्या वाक्यापुढे न बोललेलं काहीतरी उभं असतं: सांगितलं होतं, तरी तू ऐकलं नाहीस. ‘पैसे दिले’ ही नोंद झाली. ‘पैसे दिले होते’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, मग काय झालं, परत नाही मिळाले? हा ‘होतं’ घटनेला मागे ढकलतो आणि तिच्यानंतर काहीतरी घडलं किंवा घडायचं राहिलं असं सुचवतो. मुलाखत कालच झाली आहे. संस्थेने अजून काहीच करायचं राहिलेलं नाही. अशा वेळी ‘मुलाखत दिली होती’ मध्ये, तिच्या मनात नसताना, तक्रारीचा सूर लागतो. साधा भूतकाळ घ्या, सूर सरळ होतो.

‘अनुभव होता’ ने तर तिचं खरंच नुकसान केलं असतं. होता, म्हणजे आता नाही? मी तिला विचारलं, तर ती औषधांच्या एका घाऊक दुकानात आजही हिशेब लिहिते. रोज संध्याकाळी रोकडवही बंद करते, महिनाअखेरीला बँकेचं रिकन्सिलिएशन करते. सुरू असलेलं काम तिने भूतकाळात टाकलं, कारण अर्जाची भाषा म्हणजे ‘होते-होता’ असं तिच्या कानात बसलं होतं. मराठीत चालू कामासाठी वर्तमानकाळच लागतो: ‘गेली दोन वर्षे करत आहे.’ तुमच्या अनुभवाबद्दलचं प्रत्येक क्रियापद लिहिताना स्वतःला विचारा, हे काम मी सोडलं आहे का? सोडलं असेल तर ‘केले’, सुरू असेल तर ‘करत आहे’. लेखी मराठीत ‘करत आहे’ ची आणखी एक सोय म्हणजे ते बाई-पुरुष दोघांनाही तसंच चालतं.

मग ‘करून दाखवीन’. हे आव्हान स्वीकारणाऱ्याचं क्रियापद आहे. शर्यत लावताना, कुणी हिणवल्यावर आपण ते बोलतो. तिला तर कुणी हिणवलेलं नव्हतं. ‘शंभर टक्के’ ने ते आणखी मोठं झालं आणि लगेच पुढे ‘विचार व्हावा ही नम्र विनंती’ म्हणून ती पार खाली वाकली. एकाच वाक्यात छाती पुढे आणि मान खाली.

इथेच मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. आत्मविश्वास आणि नम्रता यांच्या जागा क्रियापदाच्या काळाने ठरतात. जे घडलं आहे आणि जे तुम्ही करत आहात, ते तुमचं आहे. ते ठामपणे सांगा, ‘थोडाफार’, ‘माझ्या परीने’ असले टेकू लावू नका. पुढचं मात्र तुमच्या हातात नाही. नोकरी द्यायची की नाही, हे समोरचा ठरवणार आहे. म्हणून नम्रता भविष्यकाळात ठेवा. या मुलीने उलट केलं होतं: चालू काम ‘होता’ म्हणून पुसट केलं आणि जे अजून मिळालंच नाही त्याची हमी दिली.

दुरुस्त करण्यापूर्वी मी तिला विचारलं, मुलाखतीत नेमकं काय बोलणं झालं? ती म्हणाली, ‘सर, त्यांनी विचारलं, पासबुकातली शिल्लक रोकडवहीपेक्षा जास्त दिसली तर आधी काय बघाल? मी म्हटलं, आपण दिलेले पण अजून बँकेत न वटलेले चेक.’ उत्तर बरोबर होतं. चेक दिला त्या दिवशी आपण वहीत खर्च लिहितो, बँक मात्र तो वटल्यावरच रक्कम वजा करते. इतकी चांगली गोष्ट तिच्या मेसेजमध्ये कुठेच नव्हती. दिवसभर उमेदवार पाहिलेल्या माणसाला ‘गुरुवारी उपस्थित होते’ वाचून कोण आठवणार? चेकचं उत्तर आठवेल. मग वाक्य असं झालं:

‘गुरुवारच्या मुलाखतीत आपण पासबुक आणि रोकडवहीतील फरकाविषयी विचारले, तो दरमहा जुळवण्याचे काम मी गेली दोन वर्षे करत आहे आणि आपल्या संस्थेत ते सांभाळायला मला आवडेल. निर्णय झाल्यावर कृपया कळवावे.’

तिने विचारलं, ‘आवडेल’ ऐवजी ‘सांभाळू शकेन’ चालेल का? चालेल. पण दोन वर्षं करत आहे म्हटल्यावर शकेन की नाही हा प्रश्न उरत नाही. ‘शकेन’ ने तो पुन्हा उघडतो. काम वेगळं असेल, तुम्ही पूर्वी केलेलं नसेल, तिथे ‘शकेन’ प्रामाणिक आहे. आणि ‘झाल्यावर’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला. नुसतं ‘कळवावे’ म्हटलं की आजच कळवा असं वाटतं.

हेच इंग्रजीत लिहाल तेव्हा आपली मराठी क्रियापदं दोन ठिकाणी पाय अडकवतात. ‘दिली होती’ चं आपण ‘आय हॅड अटेंडेड’ करतो, पण इंग्रजीतल्या ‘हॅड’ ला त्याच्यानंतर घडलेली दुसरी जुनी घटना लागते. इथे ती नाही, म्हणून ‘आय अटेंडेड’. आणि ‘दोन वर्षांपासून करत आहे’ चं ‘आय ॲम डुइंग सिन्स टू इयर्स’ होतं. मराठीत वर्तमानकाळ बरोबर आहे, इंग्रजीत तिथे ‘आय हॅव बीन डुइंग धिस फॉर टू इयर्स’ लागतं.

आता ‘दिली होती’ कुठे योग्य आहे, तेही सांगतो. समजा तीन आठवडे उलटले आणि काहीच कळलं नाही. तेव्हा ‘३ तारखेला आपल्याकडे माझी मुलाखत झाली होती’ हे अगदी बरोबर, कारण मध्ये काळ गेला आहे आणि काहीतरी घडायचं खरोखर राहिलं आहे. ‘आपण आठवड्यात कळवणार होता’ हे मात्र लिहू नका. ते खरं असलं तरी वाचणाऱ्याला टोचतं आणि तो उत्तर देण्याऐवजी सबब शोधतो. त्यापुढे एवढंच लिहा: ‘निर्णयाबाबत काही कळू शकेल का?’