पालकाच्या अर्काचे चार पट्टे का पडतात?

समोर टांगलेल्या पट्टीकडे बघा. पालकाची पानं खलात थोड्या ॲसिटोनबरोबर घोटली, गाळली आणि त्या गर्द हिरव्या अर्काचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटीमीटरवर दिला. ठिपका वाळू द्यायचा, मग त्याच जागी पुन्हा द्यायचा, असं सात-आठ वेळा. खालची रेघ पेन्सिलीचीच हवी, कारण शाई द्रावकाबरोबर वर चढते. बरणीत नऊ भाग पेट्रोलियम इथर आणि एक भाग ॲसिटोन आहे, आणि त्याची पातळी ठिपक्याच्या खाली आहे. ठिपका बुडाला तर रंग कागदावर चढण्याऐवजी बरणीतच उतरतो. ही वाफ पेट घेते, म्हणून जवळपास ज्योत नको.

आता सगळ्यात वर नारिंगी-पिवळं कॅरोटीन, त्याखाली पिवळं झँथोफिल, मग निळसर हिरवं हरितद्रव्य अ आणि शेवटी पोपटी हरितद्रव्य ब दिसतंय. पानात हे चौघंही होतेच. हिरव्याच्या दाटीत पिवळा झाकला गेला होता.

पण ते वेगळे का झाले? कागद म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूंवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि त्यांनी हवेतलं थोडं पाणी धरून ठेवलेलं असतं. ज्या रेणूत ऑक्सिजनवाले गट असतात, त्याला हा कागद ओढून धरतो. उलट पेट्रोलियम इथर निव्वळ कार्बन-हायड्रोजनचं. कॅरोटीनही तसंच, C₄₀H₅₆, त्यात ऑक्सिजनचा एकही अणू नाही. कागदाला धरायला काहीच सापडत नाही, म्हणून ते द्रावकाच्या जवळजवळ बरोबरीने वर जातं. पालकातलं मुख्य झँथोफिल C₄₀H₅₆O₂ आहे. फरक फक्त दोन ऑक्सिजनचा, आणि तेवढ्याने ते मागे पडतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते दोन हरितद्रव्यांचं. शंभराहून अधिक अणूंच्या या रेणूंत फरक एकाच कोपऱ्यात आहे: 'अ'मध्ये CH₃, 'ब'मध्ये त्या जागी CHO. त्या एका ऑक्सिजनमुळे 'ब' कागदाला जास्त चिकटतं. द्रावक रेघेपासून १० सेंटीमीटर चढला आणि 'ब' ४.५ वर थांबलं, तर त्याचा Rf, म्हणजे द्रावकाच्या तुलनेत रंगाने कापलेलं अंतर, ०.४५. हा आकडा द्रावक किंवा कागद बदलला की बदलतो, म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी तो तंतोतंत जुळेलच असं नाही.

बरणीत नुसतं ॲसिटोन घेतलं तर? ते चौघांनाही कागदापासून सहज सोडवतं आणि सगळे एकत्रच वर पोचतात. नुसतं पाणी घेतलं तर चौघंही जागचे हलत नाहीत.

कधी कॅरोटीनच्या खाली पाचवा, राखाडी पट्टा येतो. ते फिओफायटिन. पानातल्या आम्लाने हरितद्रव्याच्या मधला मॅग्नेशियम निघून गेला की ते तयार होतं. तो ठळक दिसला, तर पानं शिळी होती किंवा अर्क फार वेळ पडून होता असं समजा. ताजी पानं घ्या, घोटताना चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाका आणि पुन्हा करून बघा.