बत्तीसवरून चौसष्टवर जाताना विंडोज कोरंच का टाकावं लागतं

(सांगलीत व्यापारी आणि हिशोबनीस मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. 32-बिट विंडोज काढून 64-बिट टाकताना अपग्रेड का होत नाही, जुनं पुसून पहिल्यापासूनच का बसवावं लागतं, हे सांगायला आज एकाच कॉम्प्युटरची गोष्ट सांगणार आहे. मार्केट यार्डातलं हळदीच्या अडतीचं दुकान. मालकांनी चार जीबी रॅमचा आठ जीबी करून घेतला. पैसे गेले, पण मशीन होतं तेवढंच मंद. त्यांना वाटलं, रॅम खोटा निघाला. मी तिथं गेलो आणि Settings, System, About एवढंच उघडलं. तिथं दोन ओळी होत्या.

```
Installed RAM  8.00 GB (3.41 GB usable)
System type    32-bit operating system, x64-based processor
```

रॅम खरा होता, विंडोजच त्याला हात लावत नव्हतं. बत्तीस बिटांत जास्तीत जास्त 4,29,49,67,296 पत्ते मांडता येतात, म्हणजे बरोबर चार जीबी. सहा आकडी पिनकोडमधून दहा लाखांच्या वर पिनकोड निघत नाहीत, तसंच हे. त्या चार जीबीतलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि बाकीच्या हार्डवेअरसाठी राखलेले असतात, म्हणून हातात साधारण सव्वातीन-साडेतीन जीबी उरतात. तुम्ही आठ बसवा नाहीतर सोळा, घरगुती आणि ऑफिसच्या 32-बिट विंडोजला त्याचा उपयोग नाही.

दुसरी ओळ जास्त कामाची आहे. `x64-based processor` म्हणजे प्रोसेसर चौसष्टचा आहे, वर विंडोज मात्र बत्तीसचं. असं कसं झालं? आपल्याकडं असली मशीन भरपूर आहेत. मूळ विंडोज 7 बत्तीसचं होतं. 2015 च्या जुलैत विंडोज 10 चं मोफत अपग्रेड आलं आणि ते बत्तीसचं बत्तीसच राहिलं, कारण अपग्रेड बिट बदलत नाही. तिथं `x86-based processor` दिसलं तर मात्र विषय संपला. त्या मशीनवर चौसष्ट चढणारच नाही.

आता मालकांच्या पुतण्यानं काय केलं होतं? नेटवरून 64-बिटची फाईल उतरवली, उघडली आणि `setup.exe` वर डबल क्लिक केलं. स्क्रीनवर आलं, `This app can't run on your PC`. त्यानं फाईल खराब समजून दुसऱ्यांदा उतरवली. फाईल चांगलीच होती. ते सेटअपच 64-बिटचं आहे, ते 32-बिट विंडोजच्या आत चालणार कसं? पण हा झाला वरवरचा अडथळा. समजा ते चाललं असतं, तरी अपग्रेड झालं नसतं. का, ते नीट सांगतो, कारण लोकांना वाटतं कंपनी मुद्दाम अडवते.

अपग्रेड म्हणजे तुमचे प्रोग्रॅम, ड्रायव्हर आणि सेटिंग जसेच्या तसे उचलून नव्या विंडोजवर ठेवणं. पहिली अडचण ड्रायव्हरची. प्रिंटर, स्कॅनर यांना 64-बिट विंडोजवर चौसष्टचाच ड्रायव्हर लागतो. डोंगल, अँटिव्हायरस यांचे ड्रायव्हर तर विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतात, आणि चौसष्टचा गाभा बत्तीसचा ड्रायव्हर आत घेतच नाही. त्यातला एखादा हार्ड डिस्कचा असेल तर मशीन सुरूच व्हायचं नाही.

दुसरी अडचण प्रोग्रॅमच्या पत्त्यांची. 32-बिट विंडोजमध्ये सगळ्या सामाईक फाईली `C:\Windows\System32` मध्ये असतात, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, प्रत्येक प्रोग्रॅमनं आपापली नोंद त्या पत्त्यानं केलेली असते. 64-बिट विंडोजमध्ये त्याच नावाच्या फोल्डरमध्ये चौसष्टच्या फाईली असतात आणि बत्तीसच्या `SysWOW64` मध्ये. होय, नावं उलटी वाटतात. पण असंख्य प्रोग्रॅममध्ये `System32` हा पत्ता कायमचा लिहून ठेवलेला असल्यामुळं ते नाव हलवता आलं नाही. रजिस्ट्रीतही बत्तीसच्या नोंदींचा कप्पा वेगळा, `Wow6432Node`. नवीन मशीनवर बत्तीसचा प्रोग्रॅम पहिल्यापासून बसवला, तर विंडोज त्याला गुपचूप बरोबर जागी वळवतं आणि तो छान चालतो. पण आधीच बसलेल्या दोन-तीनशे गोष्टींतली कुठली नोंद कुठल्या कप्प्यात न्यायची, हे सेटअपला खात्रीनं ओळखता येत नाही. त्यात चौसष्टचा प्रोग्रॅम बत्तीसची डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅम वापरतात ती सामाईक कोडची फाईल, आपल्यात घेऊ शकत नाही. म्हणजे राईट क्लिकच्या मेनूत तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरनं घातलेली ओळसुद्धा तिथं निकामी. अर्धवट चाललेलं मशीन देण्यापेक्षा सेटअप सरळ नाही म्हणतं. माझ्या मते ते बरोबर करतं.

तर कोरं टाकायचं. पण त्याआधी या दुकानात एक मोठा पेच होता. त्यांची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची हिशोबपट्टी, निघायची डॉसमधल्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅममधून. प्रोग्रॅम करून देणारा माणूस कधीचाच पुण्याला गेला. हा असला प्रोग्रॅम 32-बिट विंडोजवर चालतो, कारण त्यात `ntvdm.exe` नावाची सोय असते. 64-बिट विंडोजमध्ये ती नाही. प्रोसेसर चौसष्टच्या पद्धतीनं चालू झाला की जुन्या डॉससाठीची त्याची खास अवस्था उपलब्धच नसते. त्यामुळं फॉरमॅटच्या आधी एक करा. तुमचा जुना प्रोग्रॅम चालू ठेवा, टास्क मॅनेजर उघडा, Details मध्ये बघा. `ntvdm.exe` दिसलं, तर तो प्रोग्रॅम उद्या चालणार नाही, असं धरून चाला. नुसती काळी खिडकी बघून ठरवू नका. काळ्या खिडकीतले सगळे प्रोग्रॅम डॉसचे नसतात.

मग काय केलं? डॉसबॉक्स सगळ्यांना माहीत आहे, पण तो मुळात खेळांसाठी आहे. त्यात पट्टी स्क्रीनवर आली, प्रिंट मात्र निघेना. व्हीडॉस नावाचा एक प्रोग्रॅम आहे, तो अशा अक्षरी हिशोबी प्रोग्रॅमसाठीच केलेला आहे आणि विंडोजच्या प्रिंटरवर छापतो. तो दुसऱ्या एका 64-बिट लॅपटॉपवर बसवला, हिशोबाच्या डीबीएफ फाईलींची कॉपी दिली, डॉट मॅट्रिक्स जोडला आणि मागच्या हंगामातली एक पट्टी काढली. तोलाई, हमाली, अडत, खालची निव्वळ रक्कम, सगळं जुन्या कागदाशी ताडून पाहिलं. ते जुळल्यावरच दुकानाच्या मशीनला हात लावला. चाचणी दुसऱ्या मशीनवर घ्यायची, ती अशासाठी. एकदा फॉरमॅट झालं की परत यायला रस्ता म्हणजे पुन्हा फॉरमॅट.

बॅकअप सगळ्यांना माहीत असतो, तरी दोन गोष्टी सुटतात. एक, टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. फॉरमॅटच्या आधी ते सरेंडर करा, नाहीतर नंतर फोनाफोनी करत बसावं लागतं. दुसरं, डिजिटल सही. यूएसबी टोकनमधली असेल तर काळजी नाही, सही टोकनमध्येच राहते, फक्त ड्रायव्हर नव्यानं टाकायचा. आणि बॅकअपची डिस्क त्याच दुकानात ठेवू नका. 2019 चा पूर आपण सगळ्यांनी पाहिलाय, जास्त बोलत नाही.

आता पेनड्राईव्ह. आठ जीबीचा पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल 32-बिट मशीनवर चालवलं की ते आपणहून बत्तीसचंच सुचवतं. तिथं `Use the recommended options for this PC` असा टिकमार्क आहे, तो काढायचा आणि खाली Architecture मध्ये `64-bit (x64)` निवडायचं. हे विसरलं की एवढा खटाटोप करून पुन्हा बत्तीसच बसतं. लॅनचा किंवा वायफायचा 64-बिट ड्रायव्हरही आधीच वेगळ्या पेनड्राईव्हवर उतरवून ठेवा. नवीन विंडोजला नेटच मिळालं नाही तर बाकीचे ड्रायव्हर आणायचे कुठून?

मशीन पेनड्राईव्हवरून सुरू करताना बूट मेनूत तोच पेनड्राईव्ह बहुधा दोनदा दिसतो, एकदा पुढं `UEFI:` लावून, म्हणजे मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीनं, आणि एकदा साधा, जुन्या पद्धतीनं. विंडोज 7 च्या काळातली डिस्क बहुतेक एमबीआर या पार्टिशनच्या जुन्या पद्धतीची असते. तुम्ही यूईएफआयवाली ओळ निवडली तर पुढं सेटअप म्हणतं, `The selected disk has an MBR partition table`, या डिस्कवर बसवता येणार नाही. इथं घाबरून लोक सगळी पार्टिशन डिलीट करतात आणि डी ड्राईव्हमधला दहा वर्षांचा हिशोब जातो. तसं करायची गरज नाही. मशीन पुन्हा सुरू करा, साधी ओळ निवडा. मग `Custom` घ्या आणि फक्त सी चं पार्टिशन फॉरमॅट करा. सेटअपमध्ये सी, डी ही अक्षरं दिसत नाहीत, Partition 1, 2, 3 असं दिसतं. म्हणून आधीच प्रत्येकाची साईज कागदावर लिहून ठेवा. या मशीनवर सी होता साधारण 100 जीबीचा आणि डी साडेतीनशेच्या पुढं, म्हणून चूक व्हायला वाव नव्हता. दोन्ही सारखेच असले की हात थरथरतो.

सेटअपनं प्रॉडक्ट की विचारली तर `I don't have a product key` निवडा. आधीचं विंडोज 10 ॲक्टिव्ह असेल तर त्याची नोंद मशीनच्या हार्डवेअरवर झालेली असते, आणि ती बत्तीस-चौसष्ट दोन्हींना चालते. एडिशन मात्र तेच हवं. आधी Home Single Language होतं आणि तुम्ही Pro निवडलं, तर ॲक्टिव्ह होणार नाही.

संध्याकाळपर्यंत मशीन उभं राहिलं. About मध्ये आता `64-bit operating system` आलं, आणि रॅमपुढचा तो usable चा आकडा आठच्या अगदी जवळ गेला. फक्त स्कॅनर राहिला. कंपनीनं त्याचा 64-बिट ड्रायव्हर कधी काढलाच नव्हता. तो शेवटी दुसऱ्या जुन्या मशीनला जोडून ठेवला. हे आधी कंपनीच्या साईटवर बघितलं असतं तर मालकांना आदल्या दिवशीच सांगता आलं असतं, एवढंच.

प्रश्न: माझ्या मशीनला दोनच जीबी रॅम आहे. चौसष्ट टाकू का?

नको. बसेल, पण 64-बिट विंडोजला स्वतःलाच जास्त मेमरी लागते, आहे त्यापेक्षा जड होईल. आधी रॅम वाढतोय का बघा.

प्रश्न: विंडोज 10 चा सपोर्टच 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मग सरळ 11 टाकलं तर?

प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 11 च्या यादीत बसत असेल आणि मशीनमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय असेल, तर सरळ 11 च टाका, दोनदा फॉरमॅट कशाला? विंडोज 11 मध्ये 32-बिट हा प्रकारच नाही, म्हणजे तुमच्या बत्तीसच्या मशीनवर तेही कोरंच बसणार. अपडेटमधून ते आपोआप येईल म्हणून वाट बघू नका. विंडोज 7 पासून चालत आलेली बहुतेक मशीन मात्र त्या यादीत बसत नाहीत. आणि एक फरक ध्यानात ठेवा. 11 ला यूईएफआय आणि जीपीटी या नव्या पद्धतीची डिस्क लागते, म्हणजे मघाशी सांगितलेली साधी ओळ तिथं चालणार नाही. या पद्धतीनं कोरं टाकताना अख्खी डिस्क पुसावी लागेल. तेव्हा सी बरोबर डी सुद्धा बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, त्यातल्या चार फाईली उघडून बघा, आणि मगच पेनड्राईव्ह लावा.