चूक बॉटची, भरपाई कंपनीची

(पडद्यावर: विमानाच्या तिकिटांचं पान, कोपऱ्यात गप्पांची छोटी खिडकी.)

नोव्हेंबर २०२२. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका माणसाची आजी वारली. टोरंटोला जायला तो एअर कॅनडाच्या साइटवर तिकीट बघत होता. घरातलं कुणी गेलं असेल तर ही कंपनी भाड्यात सवलत देते. ती कशी मिळते, हे त्याने साइटवरच्या चॅटबॉटला विचारलं.

बॉटचं उत्तर असं होतं: लगेच प्रवास करायचा असेल किंवा प्रवास होऊन गेला असेल, तर तिकीट काढल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज भरा. त्याच उत्तरात एक लिंक होती. लिंकमागच्या पानावर मात्र लिहिलं होतं, की प्रवास झाल्यावर ही सवलत मागता येत नाही. साइट एक, नियम दोन.

त्याने बॉटवर विश्वास ठेवला आणि पूर्ण भाडं भरून जाऊन आला. आल्यावर लगेच अर्ज केला. तो नाकारला गेला. त्याच्याकडे संभाषणाचा स्क्रीनशॉट होता, तो त्याने पाठवला. बॉटचे शब्द दिशाभूल करणारे होते, हे कंपनीच्या कर्मचाऱ्याने मान्य केलं, पण फरकाची रक्कम काही मिळाली नाही. प्रकरण प्रांताच्या दिवाणी तंटा न्यायाधिकरणात गेलं.

तिथे कंपनीने हात वर केले. चॅटबॉटने दिलेल्या माहितीची जबाबदारी आमच्यावर येत नाही, असं तिचं म्हणणं. योग्य नियम लिंकवर होता, तो बघायला हवा होता, हा दुसरा मुद्दा. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला: बॉट हा साइटचाच भाग आहे. साइटचं एक पान खरं आणि दुसरं खोटं, हे ग्राहकाने कसं ओळखायचं? नुकसानभरपाई ठरली ६५०.८८ डॉलर, व्याज आणि शुल्क धरून ८१२.०२.

(पडद्यावर: तीन बटणं.)

आता तोच प्रश्न साध्या बटणांनी सोडवून बघू. ‘घरातलं कुणी गेलं आहे’ असं एक बटण. ते दाबलं की पुढे तीन: ‘अजून तिकीट काढलेलं नाही’, ‘तिकीट काढलंय, पण प्रवास बाकी आहे’, ‘प्रवास झाला’. तिसऱ्या बटणामागे एकच वाक्य: प्रवासानंतर ही सवलत मिळत नाही.

हे वाक्य कंपनीतल्या कुणालातरी स्वतः बसून लिहावं लागतं. बटणांचा खरा फायदा मला इथे दिसतो. उत्तर चुकलं, तरी ते सगळ्यांना सारखंच चुकीचं दिसतं, पहिली तक्रार येताच सापडतं आणि एका जागी दुरुस्त होतं. स्वतः वाक्यं रचणारा बॉट आज बरोबर बोलेल, उद्या तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला की घसरेल. ही चूक जुनी संभाषणं वाचायला कुणी बसलं, तरच कळते.

म्हणून मर्यादा आधी आखून घ्यावी. पैसे परत करणं, सवलत, मुदत, वॉरंटी यांवर बॉटने स्वतःची वाक्यं रचू नयेत. नियमाचा ठरलेला मजकूर जसाच्या तसा दाखवावा. विमान किती वाजता सुटतं, पार्सल कुठवर आलं, हे त्याने खुशाल सांगावं, कारण ती माहिती थेट नोंदीतून येते.

बटणंही सगळं भागवत नाहीत. आजी गेली, तिकीट दुसऱ्याच्या कार्डावर काढलं, परतीची तारीख बदलायची आहे, अशी गुंतागुंत कुठल्याच बटणात बसत नाही. बटणं वाढवत नेली, तर माणूस शोधता शोधता कंटाळतो. त्यामुळे प्रत्येक पायरीवर एक बटण हवंच: ‘यातलं काही नाही, माणसाशी बोलायचंय.’ ते किती वेळा आणि कुठल्या पायरीवर दाबलं जातं, याची नोंद ठेवली की कुठली उत्तरं कमी पडताहेत ते समजतं.

(पडद्यावर: हेडफोन लावलेली कर्मचारी, समोर आधीचं संभाषण उघडलेलं.)

माणसाकडे सोपवताना आधीचं सगळं बोलणं सोबत गेलं पाहिजे. नाहीतर दुःखात असलेल्या माणसाला आजी गेल्याचं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि हे मला अगदी अमानुष वाटतं. मृत्यू, आजारपण, पैशांचा वाद यांतलं काही आलं, की बॉटने दुसरा प्रयत्न करत बसू नये, लगेच माणसाला जोडून द्यावं. रात्री कुणी हजर नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, फोन नंबर घ्यावा आणि सकाळी किती वाजता फोन येईल ती वेळ द्यावी. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर बॉटने दिलेलं उत्तरही दिसायला हवं. ते चुकीचं असेल, तर ग्राहकाने तिकिटाचे पैसे भरण्याआधीच कर्मचारी त्याला सांगू शकेल: ‘आधी मिळालेली माहिती बरोबर नव्हती, नियम असा आहे.’