नवरदेवाच्या डोक्यावरचे दोन भोवरे

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात नवदाम्पत्याच्या स्वागतावेळी नवरदेवाच्या मित्राने केलेलं भाषण, थोड्या काटछाटीसह. काटछाट फक्त भाषणाची.)

नमस्कार मंडळी. काका, काकू, वहिनी आणि नवरदेवा, मला पाच मिनिटं दिली आहेत. मंडळाच्या अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवलंय, त्यामुळे या माणसाच्या स्वभावावर बोलत बसत नाही, थेट केसांवर येतो.

आधी थोडं शास्त्र. आपल्या डोक्यावर मागच्या बाजूला एक भोवरा असतो. केस तिथून गोल फिरत बाहेर पडतात आणि मग आपापल्या दिशेने खाली बसतात. नवरदेवाला भोवरे दोन आहेत, शेजारी शेजारी. एकाचे केस ज्या बाजूला ढकलतात, त्याच्या बरोबर उलट दुसऱ्याचे. मधल्या पट्टीतल्या केसांना कुठे जावं तेच कळत नाही, म्हणून ते उभे राहतात. वीस वर्षांत या माणसाने डोक्यावर जे जे प्रयोग केले, ते सगळे या बोटभर रुंदीच्या पट्टीने हाणून पाडले.

दहावीपर्यंत प्रश्न नव्हता, कारण काकूंचा हात होता. खोबरेल तेल चमचाभर नव्हे, चांगलं ओंजळभर, आणि डावीकडून भांग. तेलाचं वजन आणि चिकटपणा यांपुढे भोवऱ्याचं काही चालत नाही. फक्त दुपारच्या मोठ्या सुट्टीत, खेळून घाम आला की तेल कपाळावर उतरायचं आणि मागे तुरा उठायचा. शाळेच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत कोण आहे, हे चेहरा न बघताही ओळखता येतं.

मग आला 5 एप्रिल 2005. विशाखापट्टणमला धोनीने पाकिस्तानविरुद्ध 148 धावा काढल्या आणि पुण्यात एका मुलाने त्या रात्री ठरवलं की आता न्हाव्याकडे जायचं नाही. आता हिशेब बघा. माणसाचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे मानेवर रुळायला दोन वर्षं हवीत, त्यात घाई करता येत नाही. खरी परीक्षा असते सहाव्या महिन्यापासून. केस कानावर आलेले असतात, मागे बांधण्याइतके लांब नसतात आणि नीट बसण्याइतके जड नसतात. बहुतेक मुलं इथे हार मानून सलून गाठतात. हा टिकला. दोन्ही कानांवर झुलपं आणि मागे तो तुरा, अशा अवतारात अकरावीची तोंडी परीक्षा दिली. 2006 साली लाहोरला मुशर्रफ यांनी धोनीला सांगितलं की केस कापू नकोस. ते आपल्यालाच सांगितलंय असं याने धरलं.

सप्टेंबर 2007. केस अखेर खांद्याला टेकले, वजनाने भोवरेही दबले, प्रथमच सगळं जागच्या जागी बसलं. भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि धोनीने केस कापून टाकले.

त्यानंतरचा जेलचा काळ मी पटकन उरकतो, कारण त्यात सगळेच दोषी आहेत. जेल ओलसर केसांना वाटाण्याएवढं लावायचं असतं. वाळलं की त्याचा केसाभोवती पातळ पापुद्रा होतो आणि केस ताठ राहतात. याने कोरड्या केसांना मूठभर लावलं. मग कंगवा फिरवला की पापुद्रा मोडायचा आणि खांद्यावर पांढरा भुगा. लोकांनी कोंड्याचे उपाय सुचवले. जुलैत पुण्याची दमट हवा लागली की तोच पापुद्रा मऊ पडायचा, वरून हेल्मेट. समोरचे काटे झोपायचे आणि जे उभं राहायला नको तेवढंच उभं राहायचं.

आता मुख्य प्रकरण. 2020, लंडन. मार्चच्या अखेरीला सलून बंद झाली ती इंग्लंडमध्ये 4 जुलैलाच उघडली. मे महिन्यात नवरदेवाने मशीन मागवलं. मशीनला कंगव्यासारख्या टोप्या असतात: एक नंबर म्हणजे तीन मिलिमीटर केस उरतात, दोन नंबर म्हणजे सहा, चार नंबर म्हणजे तेरा. याने बेत नीट आखला होता, ते मान्य करायला हवं. वर चार नंबर, बाजूला दोन. वरचं आणि बाजूचं छान जमलं.

मागे घोळ झाला, आणि तो दोन कारणांनी. एक म्हणजे भोवऱ्यावर मशीन सरळ रेषेत चालवून भागत नाही. केस गोल उगवतात, म्हणून मशीनही फिरवत, प्रत्येक वेळी केसांच्या उलट दिशेने न्यावं लागतं. नाहीतर काही केस कापले जातात, काही नुसते आडवे होतात आणि नंतर पुन्हा उठतात. दुसरं म्हणजे दोन आरसे. एका आरशात डावं-उजवं जसं दिसतं, त्याची हाताला सवय असते. मागे दुसरा आरसा धरला की ते उलटं होतं, आणि हात नेमका नको तिकडे जातो. तुरा काही केल्या जाईना, तेव्हा याने मशीन दाबलं. टोपी नीट खटकन बसलेली नव्हती. ती निसटून बेसिनमध्ये पडली आणि नुसतं पातं वर सरकत गेलं. पात्याच्या रुंदीचा, म्हणजे चांगला दीड-पावणेदोन इंची, गुळगुळीत पट्टा. दोन्ही भोवऱ्यांच्या मधोमध.

यावर दोनच उपाय असतात: सगळं डोकं त्याच मापाचं करायचं, किंवा महिनाभर थांबायचं. याने थांबायचं ठरवलं, कारण व्हिडिओ कॉलवर माणूस समोरूनच दिसतो. ऑफिसला पत्ता लागला नाही, तो ज्या दिवशी खाली पडलेलं पेन उचलायला कॅमेऱ्यासमोर वाकला त्या दिवसापर्यंत. आणि वहिनी, तुमच्या दोघांच्या पहिल्या गप्पा याच महिन्यातल्या, बरोबर? ‘किती शांत आहे, मान इकडची तिकडे करत नाही,’ असं तुम्ही तुमच्या बहिणीला म्हणालात. आता कारण कळलं.

आज जे डोकं तुम्हाला दिसतंय, ते वहिनींमुळे. त्यांनी तीन गोष्टी बदलल्या. भोवऱ्यावर मशीन बंद, फक्त कात्री. तिथले केस चार-पाच सेंटिमीटरच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, म्हणजे स्वतःच्या वजनाने पडतात. आणि आंघोळीनंतर ड्रायर आधी मागे, केस मुळाशी ओले असतानाच, बोटांनी एकदा डावीकडे एकदा उजवीकडे ढकलत. एकदा वाळले की ते ऐकत नाहीत. नवराही असाच आहे, वेळेवर सांगावं लागतं.

लग्नात मात्र फेटा होता. दीड तास फेट्याखाली घाम आला की सगळी मेहनत वाया. फेटा काढल्यावरचे फोटो बघा, तुरा हजर. त्याआधी मुंडावळ्या घसरल्या त्याही केसांमुळेच: बाजूला बारीक केस, त्यावर मेणासारखं क्रीम, दोरा धरणार कशाला? करवलीने मागून दोन पिना लावल्या तेव्हा कुठे अंतरपाट निघेपर्यंत टिकल्या. त्याच क्रीमला कुंकवाच्या ओल्या अक्षता अशा चिकटल्या की दुसऱ्या दिवशी विमानतळावरही कानामागून तांदूळ निघत होते.

काकू, तुम्हाला एक काळजी होती हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. डोक्यावर दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणतात. तर झाली की दोन. एक लंडनला रजिस्ट्रारसमोर, दुसरं पुण्यात मंगलाष्टकांसह. नवरी दोन्ही वेळा हीच. हिशेब पूर्ण, आता तिसऱ्या भोवऱ्यासाठी डोक्यावर जागा नाही.

चला, कोकम सरबताचे ग्लास उचला. नवरदेव आणि वहिनींसाठी! आणि फोटोग्राफर साहेब, आता दोघांचा एक फोटो मागून काढा. वेबसाइटवर तोच टाकायचा आहे.