आधी कडी बघा

(दृश्य : ओसरीवर सतरंजी, पत्र्याची पेटी, दोन वह्या)

कराडजवळच्या एका गावातला बचत गट. बायका चौदा. सगळ्यात लहान सून सव्वीस वर्षांची, आजी एकाहत्तरच्या. लाल वहीत बचतीचे शंभर रुपये लिहिले जातात. ते गटातच कर्जाऊ फिरत असतात, म्हणून सहलीचे दोनशे निळ्या वहीत आणि वेगळ्या खात्यात. जूनला हप्ता नाही, कारण बियाणं आणि शाळेच्या वह्या त्याच महिन्यात येतात. अकरा महिन्यांचे होतात तीस हजार आठशे.

(दृश्य : निळी वही, बोट एका ओळीवर)

यंदा नरसोबाची वाडी, तिथं मुक्काम, सकाळी खिद्रापूर. पावसाळ्यात वाडीच्या देवळात कृष्णेचं पाणी शिरतं, म्हणून जानेवारी. जोतिबाचं नाव निघालं होतं. आजींनी गुडघ्यावर हात ठेवला आणि ते मागं पडलं. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर सपाटीवर आहे. स्वर्गमंडपाच्या उघड्या छताखाली बसूनही आकाश दिसतं.

(दृश्य : मोबाइलवरचं हलतं चित्रण, बंद दार, गंजलेली कडी)

हे चित्रण दोन वहिनींचं. महिनाभर आधी एसटीनं जाऊन त्यांनी रस्ता पाहिला. देऊळ नव्हे, स्वच्छतागृहं. गेल्या वर्षी ती घाण असतील या धास्तीनं बायका सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. परतल्यावर तिघींना लघवीला जळजळ.

प्रत्येक थांब्यावर त्या आधी आतून कडी लावून बघतात. मग नळ सोडतात, कारण पाटी असते आणि पाणी नसतं. बादली, दिवा, पिशवी अडकवायला खुंटी. आजींसाठी कमोड, तान्ह्या बाळाच्या आईसाठी कोरडी जागा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह मोफत खुलं ठेवायचं असतं. इथं एकाला कुलूप होतं. "किल्ली मालकाकडं," पोऱ्या म्हणाला. वहिनींनी त्या पंपावर फुली मारली, डिझेलही दुसरीकडं भरायचं ठरलं.

(दृश्य : कागदावर काढलेला रस्ता, तीन गोल)

एरवी अडीच तासांचा रस्ता, यांनी साडेतीन तासांचा केला. दर पाऊण तासाला थांबा, प्रत्येक थांबा वीस मिनिटांचा. चौदा जणी आणि खोल्या दोन, म्हणजे दहा मिनिटांत भागत नाही, हा हिशेब आजींचा. तरुण सुनांना वाटेत सांगलीचा बाजारही हवा होता.
"बाजार परतताना," काकी म्हणाल्या. "आणि पाणी पीत चला गं, थांबे पक्के हायेत."

(दृश्य : वहीवर सह्या, एक अंगठा)

ऐनवेळी कुणी गळालं तर जेवण-मुक्कामाचे पैसे परत, गाडीचा वाटा नाही. यावर वाद झाला, पण सह्या झाल्या.

(दृश्य : पहाटे, चालू गाडी, आजींच्या हातात पाण्याची बाटली)

पुढचं चित्रण आमच्याकडं नाही. परतल्यावर यंदा कुणालाच दवाखाना लागला नाही.