चार रिकामे महिने

(दृश्य: शिलाई मशीन जोरात चालतंय. मग तेच मशीन, कापडाने झाकलेलं.)

हे मशीन वर्षातले आठ महिने थांबत नाही. उरलेले चार महिने मात्र त्याला कुणी हात लावत नाही.

ते चालवणाऱ्या एका ताईंचा हिशोब मांडून बघू. आकडे नमुन्यादाखल घेऊ. घरखर्चाला महिन्याला 80 लागतात. हंगामात शिलाईचे 120 मिळतात, मंदीत 30. वर्षाची बेरीज 1080, म्हणजे महिन्याला सरासरी 90. कागदावर घर नीट चालतं.

पण मंदीत दर महिन्याला 50 उसने आणावे लागतात. व्याज दरमहा शेकडा 5. हंगामात उरलेले 40 दर महिन्याला फेडीत घातले, तरी कर्ज फिटायला सात महिने लागतात आणि नुसत्या व्याजात 70 च्या वर जातात. एक महिना मोकळा मिळतो, की पुन्हा मंदी.

(दृश्य: दुकानाच्या कोपऱ्यात अस्तर, बटणं, धाग्यांची रिळं.)

ताईंनी आधी अस्तर आणि बटणं विकायला ठेवली. चूक इथेच झाली, आणि ती पुष्कळांची होते. गिऱ्हाईक तेच, हंगाम तोच. शिलाई थांबली की बटणंही पडून राहिली, वर भांडवल अडकलं. नावं दोन असली तरी धंदा एकच होता.

हे ओळखायला वही पुरते. दोन्ही कामांची बारा महिन्यांची कमाई शेजारी-शेजारी लिहायची. तळाचे महिने एकच निघाले, तर दुसऱ्या कामाचा आधार नाही.

(दृश्य: सकाळ. ताई एका आजींना हात धरून चालवताहेत.)

मग त्यांनी रोज सकाळी एका आजींची देखभाल धरली. बाराही महिने 30. मंदीत गोदामात माल बांधायला जायचं, त्याचे आणखी 30. भांडवल कशातच नाही. वेळ मात्र गेला, आणि शिलाई हंगामात 60 वर, मंदीत 20 वर आली.

आता हंगामात 90, मंदीत 80. वर्षाचे 1040. कमाई 40 ने घटली, पण उसनवारी थांबली आणि व्याजाचे 70 वाचले.

याला मर्यादा आहे. तिसऱ्यानंतर चौथं काम घेतलं असतं, तर कपडे वेळेवर दिले गेले नसते. ‘कधी मिळेल?’ असं विचारायला गिऱ्हाईक दोनदा येऊ लागलं, की कामं जास्त झाली असं समजावं. पुढच्या खेपेला ते विचारायला येत नाही, दुसरीकडे जातं.

(दृश्य: रिकामी आरामखुर्ची.)

पुढे आजी गेल्या. ऐन हंगामात 90 चे 60 झाले. घराला 20 कमी पडू लागले. मागच्या महिन्यांत दर महिन्याला वाचलेले 10 डब्यात होते. ते पुरवत ताईंनी सकाळचं दुसरं काम शोधायला सुरुवात केली. मशीन चालूच होतं.